सात सुया

गड्डम सरांचा 'दुःख' या शब्दावर दात होता. माझ्या वहीत तो दिसला की ते खिशातून लाल पेन्सिल काढायचे, शब्दाभोवती गोल करायचे आणि अगदी गरिबासारखं तोंड करून विचारायचे, "हे कसं काडू, बिराजदार? रंग कुटला लावू?"

मी शाळेत मराठी शिकवायचो, ते चित्रकला. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. शाळेत येण्याआधी त्यांनी एका चादरीच्या कारखान्यात नक्षीकाम केलं होतं. म्हणजे आलेखाच्या कागदावर बारीक चौकोन रंगवत बसायचं, एक चौकोन म्हणजे एक धागा. त्या कामाने त्यांना दोन गोष्टी दिल्या, जाड भिंगाचा चष्मा आणि एक सिद्धांत. सिद्धांत असा, "चादरीत एकच फूल शंभर वेळा येतंय. डोळा त्याला बघत न्हाय, नुसता फिरतो. पन एका फुलात एक दोरा चुकला की डोळा तितं जाऊन बसतो. मग उटत न्हाय." हा सिद्धांत ते चित्रांना लावत, मुलांच्या उत्तरपत्रिकांना लावत आणि एकदा तर नव्या मुख्याध्यापकांनाही त्यांनी तो लावला होता. तो किस्सा सांगण्यासारखा नाही.

आम्ही काही शिक्षक मिळून मुलांसाठी एक त्रैमासिक काढायचो, अजूनही काढतो. त्यात तीन पानं गड्डम सरांच्या चित्रगोष्टीची असत. गोष्ट बिनशब्दांची. संवादाचे फुगे नाहीत, खाली ओळी नाहीत, चित्रातल्या दुकानावर पाटीसुद्धा नाही. सोलापुरात एका बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारं पोर बसतं, त्या चौघांनाही एकदम हसू आलं पाहिजे, एवढीच त्यांची अट. गोष्ट मी लिहायची आणि ते काढायचे, असं ठरलं. ठरवणारा मीच. मला वाटलं, शब्दच नाहीत म्हणजे लिहायचं ते काय, अर्ध्या तासाचं काम.

माझी पहिली गोष्ट बैल विकला गेलेल्या एका मुलीची होती. मी लिहिलं, 'सुमी उदासपणे गोठ्याकडे पाहते. तिच्या मनात आठवणींचं वादळ उठतं.' वाचून सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"वादळ काडू का? पत्रे उडवू? झाडं पाडू?"

"सर, वादळ म्हणजे मनातलं."

"मन कुटं हाय तिचं? कागदावर दाखवा मला. बोट लावा."

मी बोट कुठे लावणार? मग त्यांनी मला लिहायला शिकवलं. मराठीत एम.ए. झालेल्या माणसाला! एका चौकटीला एक ओळ, आणि ओळीत डोळ्याला दिसेल तेवढंच. कोण कुठे बसलंय, हात कुठे आहेत, कशाकडे बघतंय, ऊन कुठवर आलंय. 'अचानक' हा शब्द बाद, कारण चित्रात अचानक काढता येत नाही. आधीच्या चौकटीत सगळं सुरळीत दाखवलं तरच पुढची अचानक होते. 'पोकळी' बाद. 'जणू' तर कायमचा बाद. पहिल्या वर्षी माझी वही लाल गोलांनी देवी आल्यासारखी दिसायची.

वर्गात त्यांचा एक ठरलेला विषय असे, 'आत्ताच कोणीतरी उठून गेलेली खुर्ची'. बहुतेक मुलं रिकामी खुर्ची काढून मोकळी होत. एकदा सातवीतल्या एका मुलीने खुर्चीवरची उशी मधोमध दबलेली काढली, शेजारी चहाचा पेला, त्यावर साय धरलेली, आणि खुर्चीखाली एकच चप्पल. सर ते चित्र घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले आणि माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघा. हिनं माणूस काडलाच न्हाय, तरी तो हाय." त्या मुलीला दहापैकी दहा मिळाले. सरांनी कुणाला दहापैकी दहा दिल्याचं मला तेवढं एकच आठवतं.

या गोष्टींची परीक्षा व्हायची ती सोलापूरजवळच्या कुंभारीला. तिथे सरांची बहीण नरसम्मा राहते. दुपारी दारासमोरच्या सावलीत सात-आठ जणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसतात. बहुतेकींना वाचता येत नाही, आणि मराठी बेताचंच. सरांच्या लेखी याहून चांगले परीक्षक जगात नव्हते. कच्ची चित्रं ते एकीच्या सुपाशेजारी ठेवायचे आणि तोंडात सुपारीचं खांड टाकायचे, आपल्या तोंडून काही निसटू नये म्हणून. "चितर काडणाऱ्यानं चितराशेजारी उभं ऱ्हाऊन सांगायचं न्हाय. पुस्तकाबरोबर मी घरोघर जानार हाय व्हय?" बायका बघायच्या, पण हात थांबत नसत. पान कापलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा बांधला, बोटं आपली चालूच. सर चित्राकडे नव्हे, बोटांकडे बघत. ज्या चौकटीपाशी हात थांबला ती पास. मला सुरुवातीला हा चावटपणा वाटायचा. पुढे लक्षात आलं की माझ्या कथांना मिळालेल्या दोन बक्षिसांपेक्षा ही परीक्षा अवघड आहे.

सरांचं घर सोलापुरातच शुक्रवार पेठेत, दोन खोल्यांचं. सत्यम्मा वहिनी चादरींच्या कारखान्यातले तुकडे आणून त्यांची बाळांसाठी दुपटी शिवायच्या. गल्लीतल्या प्रत्येक बाळाला त्यांचं दुपटं मिळालंय. टाका इतका बारीक आणि सरळ की मशीनचा वाटावा. पुढे पुढे त्यांना जवळचं दिसेनासं झालं. शिवताना चाले, हात सरावलेला होता, पण सुईच्या नाकात दोरा काही जाईना. चष्मा त्यांना आवडत नसे. तेव्हापासून एक रीत पडली. सकाळी सर खाटेवर पेपर वाचत बसलेले, वहिनी खाली चटईवर. वहिनी हात लांब करून, मान मागे नेऊन खिडकीच्या उजेडात सुई धरायच्या, आणि मग सर पेपरातून डोकं वर न काढता नुसता तळहात पुढे करायचे. त्यावर सुई येई. अशा सात सुया ओवून ते लाल टोचणीत, म्हणजे सुया खोचायच्या छोट्या गादीत, खोचून ठेवायचे आणि शाळेला निघायचे. सात सुयांत वहिनींचा दिवस निघे. मी सकाळी त्यांना घ्यायला जायचो म्हणून मला हे माहीत. दोघांपैकी कुणी त्याबद्दल कधी एक शब्द बोललेलं मी ऐकलं नाही.

सर निवृत्त झाले, त्यानंतर चौथ्या वर्षी सत्यम्मा वहिनी गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस्स. मुलगी पद्मा पुण्याहून आली. बँकेत आहे, हुशार आणि फटकळ. आईवर तिचा फार जीव. सरांच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते "बसा" म्हणत, "चहा घ्या" म्हणत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा सर खाटेवर बसून सुई ओवत होते. पद्मा आतून आली आणि बघतच राहिली.

"नाना, काय करताय?"

सरांनी सुई उजेडाकडे धरली. दोऱ्याचं टोक ओठांत धरलेलं होतं.

"आईला जाऊन तीन दिवस झाले नाहीत, आणि तुम्हाला शर्टाचं बटन लावायचं सुचतंय? तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

वहिनींची जवळची नजर गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. फोनवर आई 'सगळं बरं हाय' एवढंच सांगायची. मी तोंड उघडलं, पण सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. तेव्हा बोलायला हवं होतं असं मला आजही वाटतं. पद्मा तेराव्यानंतर गेली ती गेलीच. फोन यायचा, पण "जेवलात का, औषध घेतलं का" एवढ्यावर संपायचा. गणपतीला आली नाही, दिवाळीला आली नाही. वर्षश्राद्धाला येईन म्हणाली.

दिवाळीनंतर एके दिवशी सर माझ्या घरी आले. हातात आलेखाच्या कागदाची जुनी वही.

"बिराजदार, पुडच्या अंकाची गोष्ट मी लिवनार."

"लिहा की. कशावर?"

त्यांनी वहीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "पद्माला सांगायचंय. तोंडानं हुईना झालंय. फोन उचलतो, एमी लेदु म्हनतो, ठिवतो." एमी लेदु म्हणजे काही नाही. "वर्साच्या आत झालं पायजे. ती येईल तवा तिच्या हातात पडलं पायजे. न्हाईतर ती जेवून निगून जानार, मग कदी येनार बी न्हाय."

मी हो म्हणालो. वर्षश्राद्धाला अडीच महिने होते.

पहिला खर्डा बघून मला धक्का बसला. ज्या माणसाने माझ्या वहीला देवी आणल्या, त्याने स्वतः काय लिहावं! 'चौकट एक, भिंतीवर बाईचा फोटो, त्याला हार. चौकट दोन, म्हातारा रडतो, गालावर अश्रू. चौकट तीन, कुंडीतली तुळस वाळलेली.' मी लाल पेन्सिल मागून घ्यायला हवी होती, पण धीर झाला नाही. आम्ही तसेच कुंभारीला गेलो. विड्यांचे हात क्षणभरही थांबले नाहीत.

"फोटूला हार म्हंजी मेली. कळलं," एक जण म्हणाली. "म्होरं?"

"ह्यो कशाला रडतोय?" नरसम्माने विचारलं. "घर इकलं का?"

सरांच्या तोंडात सुपारी होती, म्हणून ते गप्प राहिले. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "बरोबर हाय तिचं. रडनं काडलं की नुसतं रडनं दिसतंय. कुनासाटी, ते कुटं दिसतंय? माजं दुःख मी दुसऱ्याच्या कपड्यात काडलं." आपण 'दुःख' म्हणालो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या खर्ड्यात अश्रू गेले, हार गेला, तुळस गेली. आता म्हातारा सुया ओवत होता. एक, दोन, सात; मग टोचणी भरलेली. मला ते थेट भिडलं. पण मला सगळं आधीच माहीत होतं, म्हणून माझं मत बिनकामाचं. कुंभारीला एक तरुण बाई पानं उलटून म्हणाली, "शिंपी हाय का ह्यो?"

नरसम्मालाही त्यात आपला भाऊ दिसला नाही. ती सणावाराला दुपारी यायची, सकाळची सुयांची रीत तिने पाहिलेली नव्हती.

शिंप्यावर सर चिडले नाहीत. उलट खूश झाले. "रीत आदी दाखवली पायजे," ते म्हणाले. "जे मोडायचं हाय ते आदी नीट उबं पायजे. तिला जिवंत काडल्याबिगर ती गेली हे कळनार न्हाय कुनाला." आणि इथेच गाडं अडलं, कारण आता सत्यम्मा वहिनींना काढायला हवं होतं.

बाकीच्या चौकटी भराभर झाल्या. पहिली चौकट मात्र महिनाभर कोरी राहिली. मी जायचो तर खाटेभोवती खोडलेले कागद. चेहरा काढला की तो फोटोसारखा व्हायचा, आणि फोटो त्यांना नको होता. पद्माने तारीख कळवली, बँकेतून एकच दिवसाची रजा. छापखाना घाई करत होता. मी मूर्खासारखं सुचवलं, "सर, पहिली चौकट गाळू, त्याऐवजी वर दोन ओळी मी लिहून देतो." त्यांनी लाल पेन्सिल नुसती बोटांत फिरवली. मी चहा पिऊन घरी आलो.

शेवटी त्यांनी वहिनींना पाठमोरं काढलं. चटईवर बसलेल्या, उजवा हात खिडकीकडे लांब केलेला, मान मागे, अंबाडा जरा सुटलेला. चेहरा नाही. सुईसुद्धा दिसते न दिसते. कागद घेऊन आम्ही तिसऱ्यांदा कुंभारीला गेलो.

ती बारा चौकटींची गोष्ट मी इथे सांगतो, सरांनी लिहिली तशी, कारण तिच्यात माझा एकही शब्द नाही.

पहिल्या पानावर चार चौकटी. एक. खोली, डावीकडे खिडकी. खाटेवर पेपर धरलेला माणूस, पेपराआड चेहरा. खाली चटईवर बाई, लांब केलेल्या हातात सुई, मांडीवर अर्धं दुपटं. दारात चपलांचे दोन जोड. दोन. पेपराआडून आलेला तळहात, त्यावर सुई. तीन. माणूस दोरा ओवतोय. टोचणीत सहा सुया, सगळ्यांना दोऱ्याची शेपटी. चार. माणूस दाराबाहेर पडतोय; बाई शिवतेय, टोचणीत सहा आणि हातात सातवी.

मग पान उलटायचं. वहिनी गेल्या त्या या पान उलटण्यात. ते काढलेलंच नाही.

पाच. तीच खोली, त्याच जागेवरून पाहिलेली. चटई गुंडाळून भिंतीला उभी, तिच्यावर घडी घातलेलं अर्धं दुपटं. चपलांचा एक जोड. माणूस खाटेवर, पेपर पुढे धरलेला. सहा. पेपराआडून आलेला तळहात, रिकामा. सात. तेच चित्र, तोच तळहात. फक्त भिंतीवरचा उन्हाचा चौकोन खाली फरशीवर उतरलेला. आठ. माणूस ओवलेली सुई खोचतोय, टोचणीत सात सुया.

समोरच्या पानावर नऊ. तीच टोचणी, चौदा सुया. दहा. टोचणीत जागा नाही. सुया उशीत, पडद्यात, शर्टाच्या बाहीत, खोलीभर दोरे लोंबताहेत. अकरा. चटई अंथरलेली, माणूस खाली बाईच्या जागी बसलेला, आणि आता पहिल्यांदाच पेपर बाजूला. बारा. फक्त दुपटं, जवळून. बारीक सरळ टाक्यांची ओळ येते, एका जागी थांबते. तिथून पुढे मोठे, वाकडेतिकडे टाके, आणि शेवटच्या टाक्यात अडकलेली सुई.

कुंभारीच्या सावलीत पहिली चौकट बघून नरसम्मा ओरडलीच, "वदिना!" वदिना म्हणजे वहिनी. पाठ आणि मान एवढ्यावर तिने ओळखलं. बाकीच्या बायका वाकल्या. नरसम्माने पान उलटलं. रिकाम्या तळहातापाशी तिचा हात थांबला. मग शेजारणीचा थांबला. मग सगळ्यांचेच थांबले, आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या अंगणात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुणीतरी हळूच म्हणालं, "अजून मागतोय की तिला." सातव्या चौकटीतल्या उन्हावर बोट ठेवून ती तरुण बाई म्हणाली, "सकाळधरनं हात तसाच ठिवलाय बाबानं." शेवटच्या चौकटीला नरसम्मा रडली आणि हसली, आणि भावाच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाली, "अन्ना, टाका घालायला आलं का रे तुला!" सरांनी सुपारी थुंकली आणि कितीतरी महिन्यांनी मोकळं हसले.

आता माझं पाप सांगतो. छापखान्यात तपासणीचं पान माझ्या हातात आलं आणि माझ्यातला मराठीचा मास्तर उसळला. इतकी सुंदर गोष्ट, आणि खाली एक ओळ नको? बाराव्या चौकटीखाली मी लिहून दिलं, 'काही धागे कधीच तुटत नसतात.' छापखान्याचे हनीफभाई म्हणाले, "सर, ये लाइन गड्डम सर को पूछ के डाली क्या?" मी म्हटलं, त्यांना आवडेल.

सर आले, पान पाहिलं, रागावले नाहीत. ओळीवर तळहात ठेवून मला म्हणाले, "बघा." मी पाहिलं. बारीक टाके, मग वाकडे टाके. त्यांनी हात उचलला. "आता बघा. काय बगितलं?"

"ओळ."

"आन् टाके?"

टाक्यांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. अक्षर दिसलं की डोळा आधी तिकडे धावतो, आणि ओळ वाचून झाली की माणसाला वाटतं, समजलं, झालं. "तुमी सांगून टाकलं," सर म्हणाले. "मग पद्मानं काय शोदायचं? तिला तिचं सापडू द्या की." हनीफभाईंनी न विचारताच ओळ काढून टाकली. एवढी लाज मला शिक्षणाधिकाऱ्यांपुढेही वाटली नव्हती.

वर्षश्राद्धाला मला बोलावणं होतं. जेवणं झाली, नातेवाईक पांगले. पद्माची बॅग दाराशी भरून ठेवलेली, संध्याकाळची गाडी. सरांनी अंक खाटेवर ठेवला, तोंडात सुपारी टाकली आणि "कडीपत्ता आनतो" म्हणून बाहेर पडले. घरात कढीपत्त्याची जुडी पडलेली होती.

पद्माने अंक सहज उचलला. लहानपणी तिनेही वडिलांची चित्रं पाहिली असणार. पहिलं पान पाहिलं, उलटलं. रिकाम्या तळहातापाशी थांबली. मग परत मागे आली, पुन्हा पुढे गेली. बोटाने सुया मोजल्या. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण कान तिकडेच.

"सर, आईला सुई दिसत नव्हती?"

"सहा-सात वर्षं झाली होती."

"मला कोणी सांगितलं नाही." अंक मिटून ती म्हणाली, "त्या दिवशी मी नानांना..." तिने वाक्य पूर्ण केलं नाही आणि मी तिला ते करायला लावलं नाही.

ती उठली, कपाट उघडलं. आत लाल टोचणी होती, सुयांनी गच्च भरलेली. शेजारी उशीत सुया, एका जुन्या टॉवेलात सुया, सगळ्यांना दोरे. खालच्या खणात ते दुपटं. चित्रात पाहिलं तसंच, बारीक टाके आणि मग वाकडे. चित्रातलं शिवण थोडं मागे राहिलं होतं, खरं दुपटं चार बोटं पुढे गेलेलं होतं. पद्मा ते मांडीवर घेऊन चटईवर बसली आणि मोठ्याने रडली. मलाही रडू आलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

सर कढीपत्ता घेऊन दारात उभे राहिले. पद्माने नाक पुसलं.

"नाना, टाके लई वाकडे आलेत."

"व्हय. भिंग बदलाय पायजे."

"आणा इकडं, मी उसवून देते."

"उसवू नको," सर म्हणाले. "तितनंच म्होरं शिव."

तिने संध्याकाळची गाडी सोडली. दुसऱ्या दिवसाचीही सोडली. बँकेला काय कळवलं कोण जाणे. पाचव्या दिवशी ठरलं, सर काही महिने पुण्याला जाणार, उन्हाळा संपला की परत. तसे ते आता येऊन-जाऊन असतात, पण शुक्रवार पेठेतलं घर बहुधा बंदच. फोन येतो. परवा म्हणाले, पुण्यातल्या पोरांना चित्राखाली ओळ लागते, लई बिगडलीत. तिथल्या इमारतीतल्या कामवाल्या बायकांना त्यांनी परीक्षक नेमलंय, असं पद्माने सांगितलं.

पण सर म्हटलं की मला दिसते ती ते निघाले त्या दिवसाची सकाळ. मी रिक्षा घेऊन गेलो होतो. सामान दारात. सर खाटेवर पेपर वाचत बसलेले, गाडीला अजून अवकाश होता. पद्माच्या पिशवीचा बंद ऐनवेळी तुटला. आपला वाचायचा चष्मा तिने बॅगेत तळाशी टाकलेला. ओवलेल्या सुया दुपट्याबरोबर बांधून झालेल्या, म्हणून तिने शेजारून एक सुई मागून आणली, दोरा घेतला आणि चटईवर बसून खिडकीच्या उजेडात हात लांब करून, मान मागे नेऊन ओवू लागली. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं.

पेपर तसाच राहिला. त्याच्याआडून एक तळहात पुढे आला.

पद्माने त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं, आणि सुई त्यावर ठेवली.